बहुवर्ग शाळेतल्या बाईंची कथा कशी लिहावी: सुरुवात एका कार्यपत्रिकेपासून

खेड्यातली शाळा, एकच शिक्षिका, एका खोलीत चार इयत्ता आणि रात्री बसून हाताने काढलेल्या कार्यपत्रिका. या विषयावर कथा लिहायची म्हटलं की नवा लेखक पहिल्या परिच्छेदात दिवा लावतो, दुसऱ्यात बाईंचे डोळे चुरचुरतात आणि शेवटच्या परिच्छेदात एखादा माजी विद्यार्थी मोठा साहेब होऊन पाया पडायला येतो. या कथेत बाईंचं कौतुक भरपूर असतं, पण बाई काय काढतात हे कुठेच नसतं. कागदावर नेमकं काय होतं, ते कोणासाठी होतं आणि ते चुकलं तर काय झालं असतं, हे वाचकाला कळत नाही. मग ती बाई कार्यपत्रिका काढते आहे की स्वेटर विणते आहे, याने कथेला काही फरक पडत नाही.

म्हणून मी उलट टोकाकडून सुरुवात करायला सांगेन. बाई बाजूला ठेवा आणि एक कार्यपत्रिका घ्या. तिच्यातून पंधराशे-दोन हजार शब्दांची कथा कशी निघते, ते एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत पाहू.

पायरी १: खोलीतला वेळ कसा वाटला जातो ते समजून घ्या

चार इयत्ता एका खोलीत म्हणजे बाई एकाच वेळी चौघांना शिकवतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. तसं होत नाही. बाई एका इयत्तेजवळ पंधरा-वीस मिनिटं बसतात आणि त्या वेळात बाकीच्या तीन इयत्तांना स्वतःचं स्वतः काहीतरी करायचं असतं. ती मिनिटं बाईंना कार्यपत्रिका मिळवून देते. पहिलीची मुलं अक्षरं वाचत असताना तिसरीची मुलं टेबलाशी आली नाहीत, तर त्या दिवशीची तिसरीची कार्यपत्रिका जमली म्हणायची.

यातूनच ती फसल्याचं कसं कळतं तेही समजतं. फार सोपी असेल तर पोरं पाच मिनिटांत हात झटकून मोकळी होतात आणि मागच्या रांगेत खोड्या सुरू होतात. फार अवघड असेल तर दोन मिनिटांत टेबलाजवळ रांग लागते. अनुभवी बाईंना मान वर न करताही, आवाजावरूनच, कुठल्या कोपऱ्यात काय बिनसलंय ते कळतं. कथेत “वर्गात गोंधळ होता” असं लिहिण्याऐवजी कोणत्या कोपऱ्यातून कसला आवाज आला ते लिहा. वाचकाला खोली दिसायला लागते.

बऱ्याच बहुवर्ग खोल्यांत एक साधा नियम असतो: बाई लहानांचं वाचन घेत असताना कोणी मध्ये यायचं नाही. अडलं तर पुढचं गणित करा, शेजारच्याला विचारा, नाहीतर थांबा. आपल्या कथेचा सगळा डोलारा या नियमावर उभा राहणार आहे, कारण त्यामुळे एखादं मूल आपल्या शंकेसोबत वीस मिनिटं एकटं राहू शकतं. ज्या वर्गात शिक्षक सतत शेजारी असतो तिथे ही वीस मिनिटं मिळतच नाहीत.

अशा वर्गांसाठी पूर्ण पद्धती उभ्या राहिल्या आहेत. आंध्र प्रदेशात ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शिक्षण केंद्राने खेड्यातल्या शाळांसाठी कार्डांचे संच बनवले. त्यात प्रत्येक कार्डावर एक चित्रखूण असते आणि शिडीसारख्या तक्त्यावर मूल आपली पुढची पायरी स्वतः शोधतं. कोलंबियात १९७० च्या दशकात सुरू झालेल्या ‘एस्क्वेला नुएवा’ पद्धतीतही मुलांना स्वतःच्या गतीने पुढे नेणाऱ्या पुस्तिका होत्या. यातलं काहीही कथेत घालू नका. पण चित्रखुणेची युक्ती लक्षात ठेवा. कागदावर इयत्तेचा आकडा नसला की चौथीतल्या मुलाच्या हातात दुसरीचं काम देता येतं आणि ते कोणाला कळत नाही. निदान बाईंची तशी आशा असते.

पायरी २: मुलगा नको, मुलाची चूक शोधा

“अभ्यासात कच्चा मुलगा” हे पात्र नव्हे. कशात कच्चा आणि कसा कच्चा, हे ठरल्याशिवाय बाईंना काढायला काहीच नाही आणि तुम्हाला लिहायलाही काही नाही.

आपण चौथीतला एक मुलगा घेऊ, त्याला सदा म्हणू. त्याच्या वहीत ही गणितं आहेत:

५२ − २७ = ३५
४३ − १८ = ३५
६१ − ३४ = ३३
६८ − २५ = ४३

पहिली तीन चूक, चौथं बरोबर. वरवर पाहिलं तर पोराचं लक्ष नाही. पण नीट बघा. ५२ मधून २७ वजा करताना एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, तेव्हा सदाने उलट करून ७ मधून २ वजा केले आणि ५ लिहिले. दशकात ५ मधून २ गेले, ३ उरले. बाकीच्या दोन गणितांतही त्याने तेच केलं. चौथ्या गणितात वरचा अंक मोठाच आहे, म्हणून ते बरोबर आलं. म्हणजे सदा अंदाजपंचे उत्तरं लिहीत नाही. त्याच्याकडे एक पक्का नियम आहे: लहान अंक मोठ्या अंकातून काढायचा, तो वर असो की खाली. नियम चुकीचा आहे, पण तो प्रामाणिकपणे पाळतो. हातच्याची वजाबाकी शिकणाऱ्या मुलांत ही चूक जगभर आढळते.

कथेतली पहिली घटना हीच. बाई संध्याकाळी वह्या तपासतात, तीन फुल्या मारतात, चौथ्यावर बरोबरची खूण करतात आणि पेन थांबतं. तीन चुका आणि एक बरोबर उत्तर यांच्यामागे एकच हात आहे, हे त्यांना दिसतं. इथे बाईंच्या मनातला मोठा विचार लिहू नका. त्या मागची पानं उलटतात आणि आणखी दोन गणितं शोधतात, एवढं पुरे. वाचकाला आकडे दिले असतील तर तो स्वतः पडताळून पाहतो आणि ज्या क्षणी त्याला ते जमतं, त्या क्षणी तो बाईंच्या शेजारी बसलेला असतो. वाचक गणिताला घाबरेल अशी भीती बाळगू नका. दोन अंकी वजाबाकी सगळ्यांनी केलेली असते. फक्त गणितं चारच ठेवा, चाळीस नकोत.

पायरी ३: ती कार्यपत्रिका तुम्ही स्वतः काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माल इथेच सापडतो. खरोखर कागद, शिसपेन्सिल, फूटपट्टी आणि बॉलपेन घेऊन बसा.

सदाला दाखवायचं काय? ५२ म्हणजे ५ दशक आणि २ एकक, आणि एक दशक सुटा केला की त्यातून १० एकक मिळतात. वर्गात हे काड्यांच्या गठ्ठ्यांनी शिकवतात. दहा काड्या, वर दोरा. कागदावर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या काढायच्या आणि खाली लिहायचं: “यातून २७ काड्या दे. किती उरल्या?”

गठ्ठा काढायचा कसा, हा पहिला प्रश्न. झटपट काम म्हणजे एक जाड चौकोन काढून त्यावर १० लिहायचं. पण चौकोन सुटा करता येत नाही. मुलाला आतल्या काड्या दिसल्या नाहीत तर तो पुन्हा आकड्यांवरच येणार आणि पुन्हा ७ मधून २ काढणार. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यात दहा रेघा काढल्या पाहिजेत, आणि त्या मोजता येतील इतक्या सुट्या, पण एक गठ्ठा वाटेल इतक्या जवळ. पाच गठ्ठ्यांच्या पन्नास आणि दोन सुट्या, अशा बावन्न रेघा. वर पाच दोरे. दोरा मध्यावर आडवा काढला तर रेघा मोजताना बोट अडखळतं, म्हणून तो खालच्या बाजूला घ्यावा लागतो. हे सगळं काढून पाहिल्याशिवाय सुचत नाही. मी ते इथे सांगितलंय, पण तुम्ही काढायला बसाल तेव्हा तुमच्या कागदावर आणखी दोन अडचणी निघतील आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या असतील.

आता बाईंना हे किती प्रतींत हवंय? दुसरीची मुलंही याच आठवड्यात हातच्याची वजाबाकी शिकताहेत, म्हणून कागद त्यांनाही चालेल. एकेक प्रत हाताने काढायची तर प्रत्येक वेळी बावन्न रेघा. म्हणून बाई कार्बन वापरतात: वर पाठकोरा कागद, खाली कार्बन, मग कागद, पुन्हा कार्बन, पुन्हा कागद. बॉलपेन दाबून चालवलं तर खालच्या दोन प्रती बऱ्या उठतात. त्याच्या खाली गेलात तर रेघ धूसर होत जाते. वरची मूळ प्रत बाईंकडे राहते आणि खालच्या दोन मुलांकडे जातात. आणखी हव्या असतील तर दुसरी चळत रचायची आणि पुन्हा बावन्न रेघा ओढायच्या.

झेरॉक्स का नाही, असा प्रश्न वाचक विचारणारच. गरिबी आणि आडगाव हे उत्तर चालेल, पण ते थोडं स्वस्त आहे. माझ्या मते खरं उत्तर असं: छापील कार्यपत्रिका इयत्तेसाठी असते आणि ही आजच्या वहीतल्या आजच्या चुकीसाठी आहे. ती उद्या सकाळी हवी आणि परवा तिचा उपयोग नाही. कथेत हे कोणाच्याही तोंडी घालू नका. संध्याकाळी चूक दिसली, रात्री कागद झाला, सकाळी तो मुलाच्या हातात आला, एवढ्या क्रमातून ते आपोआप कळतं. कथा जुन्या काळात ठेवायची असेल तर सायक्लोस्टाईलचं यंत्र तालुक्याला कुठेतरी असू शकतं. मेणकागदावर टोकदार लेखणीने ओरखडून मजकूर उठवायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. पण दोन प्रतींसाठी कोणी ते करत नाही.

पायरी ४: साहित्यातूनच अडचण काढा

आता कथेला वळण हवं. बाहेरून आणू नका: पूर नको, बदलीचा आदेश नको, तपासणीला अचानक आलेले साहेब नकोत. हातात कागद, पेन आणि कार्बन आहे, त्यातून काय बिघडू शकतं ते पाहा.

कार्बन पुन्हा पुन्हा वापरला जातो. वापरून त्यावर पांढुरके पट्टे पडतात आणि घडी पडली तर त्या घडीच्या जागी शाई उतरतच नाही. बाईंच्या दुसऱ्या कार्बनला अशी एक उभी घडी आहे. ती नेमकी पाचव्या गठ्ठ्यातल्या एका रेघेवर आली. वरच्या मूळ प्रतीत त्या गठ्ठ्यात दहा काड्या आहेत, पहिल्या प्रतीत दहा आहेत आणि सगळ्यात खालच्या प्रतीत नऊ. दहावी रेघ तिथे नाही असंही नाही. पेनाच्या दाबाने तिचा खळगा उमटलाय, फक्त रंग नाही. कागद उजेडात तिरपा धरला तर दिसतो, नखाला लागतो.

खालची प्रत सदाला मिळते. मधली प्रत दुसरीतल्या त्याच्या धाकट्या बहिणीला, चिमीला.

यातून काय घडतं ते आता जवळजवळ आपोआप ठरतं, पण गणित नीट तपासून घ्या, कारण इथे कथा कोसळू शकते. सदाला २७ काड्या द्यायच्या आहेत. दोन गठ्ठे तो सहज खोडतो. सात सुट्या हव्यात, आहेत दोनच. एक गठ्ठा सोडावा लागणार. त्याने पहिला गठ्ठा सोडला असता तर उत्तर २५ आलं असतं, कारण नऊ काड्यांचा गठ्ठा न मोजताच ‘दहा’ म्हणून उरला असता. म्हणजे त्याने पाचवाच गठ्ठा सोडायला हवा. तो सुट्या काड्यांच्या शेजारी आहे, म्हणून ते स्वाभाविक आहे, पण तशी मांडणी तुम्ही आधीच्या प्रसंगात दाखवून ठेवली पाहिजे. पाचवा सोडला की नऊ आणि दोन मिळून अकरा सुट्या. त्यातून सात गेल्या, चार उरल्या. गठ्ठे उरले दोन. उत्तर २४.

चिमीचं उत्तर २५.

म्हणजे चौथीतल्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा हातच्याची वजाबाकी अगदी बरोबर केली आणि दुसरीतल्या बहिणीपुढे तो पुन्हा चुकलाय. आणि बाई पहिलीचं वाचन घेताहेत, वीस मिनिटं त्यांच्याकडे जाता येणार नाही. बहुवर्ग खोली नसती तर यातलं काहीच झालं नसतं: बहीण-भाऊ एका वर्गात नसते, एकच कागद दोघांना मिळाला नसता आणि सर शेजारी येऊन कागद बघून गेले असते. विषय कथेत मुरला आहे की नुसता मागे टांगलाय, हे ओळखायची माझी कसोटी हीच आहे. खोली बदलली तर कथा टिकते का, ते पाहायचं. टिकत असेल तर अजून काम बाकी आहे.

एक मोह इथे टाळा. बाईंनी मुद्दाम नऊ काड्या काढल्या, मुलाचा आत्मविश्वास वाढावा म्हणून, असा उलगडा बऱ्याच जणांना सुचतो. तो करू नका. मुद्दाम केलं असेल तर सदाने शोधलेली गोष्ट बाईंनी लपवून ठेवलेली होती, मग शोध त्याचा राहत नाही. चूक खरीखुरी असू द्या आणि ती बाईंचीही नको, कार्बनची असू द्या.

पायरी ५: ती वीस मिनिटं लिहा

कथेतला निम्मा मजकूर इथे खर्च करा. नवे लेखक नेमके इथेच घाई करतात. पहिला खर्डा साधारण असा येतो:

“सदाला खूप वाईट वाटले. आपण पुन्हा हरलो असे त्याला वाटले. पण बाईंनी शिकवलेली जिद्द त्याला आठवली आणि त्याने पुन्हा प्रयत्न करायचे ठरवले.”

या तीन वाक्यांत हातांनी काहीच केलेलं नाही. मूल विचार करतं तेव्हा त्याचे हात चालू असतात, ते लिहा:

“चिमीने पंचवीस लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. सदाने कोपराने आपला कागद झाकला. मग खोडरबर काढलं, चारवर ठेवलं, पण घासलं नाही. आधी सोडलेल्या गठ्ठ्यावर पेन्सिलीचं टोक टेकवून तो मोजायला लागला. नऊ. दोऱ्याकडून मोजल्या. नऊ. मग त्याने चिमीचा कागद ओढला. ‘ए, माझाय तो,’ चिमी म्हणाली. ‘गप. मोजू दे.’ तिच्या गठ्ठ्यात दहा होत्या. पलीकडे बाईंचं ‘कमळ’ चाललं होतं. ‘बदक’ यायला अजून वेळ होता.”

खोडरबर ठेवलं पण घासलं नाही, या एका हालचालीत कथेचा काटा फिरतो. आजवर सदा बहिणीचं उत्तर बघून आपलं खोडत आलाय. हे आधी एकदा, ओझरतं, दाखवून ठेवा, म्हणजे इथे समजावून सांगावं लागणार नाही. “त्याला पहिल्यांदाच स्वतःवर विश्वास वाटला” हे वाक्य तुमच्या खर्ड्यात असेल तर ते काढून टाका आणि जागा रिकामी राहू द्या.

बाईंचा आवाज मागे चालू ठेवा. वाचनाचे शब्द हे या प्रसंगातलं घड्याळ आहे. “दहा मिनिटे झाली” असं सांगावं लागत नाही.

संवादाबद्दल थोडक्यात. मुलं वर्गात लांब वाक्यं बोलत नाहीत. भावंडं तर नाहीच नाही. बोली वापरायची असेल तर तुमच्या कानावर पडलेलीच वापरा आणि ती दोन-चार क्रियापदांत दिसली की पुरे. प्रत्येक शब्द वाकवून लिहिला की वाचक शब्द सरळ करत बसतो आणि सदा हातून निसटतो. मुलं शिक्षिकेला “बाई” म्हणतील, तुमच्याकडे “मॅडम” म्हणत असतील तर मॅडम लिहा. बाई सदाला “अरे सदा” म्हणतील, “बाळा” म्हणणार नाहीत. चौथीतल्या मुलाला सगळ्यांसमोर बाळा म्हटलेलं खपत नाही.

पायरी ६: बाईंना चुकू द्या, पण एकदाच

वाचन संपतं, सदा टेबलाशी जातो. “बाई, चोवीस येतंय.” बाईंच्या हातात मूळ प्रत आहे, मागे उत्तर लिहिलंय: २५. त्या न बघताच म्हणतात, “पुन्हा मोज.” तो म्हणतो, “मोजलं. तुमची एक काडी कमी आहे.” बाई आपल्या प्रतीवर मोजतात. दहा. “दहाच आहेत बघ.”

या जागी दोघंही खरं बोलताहेत आणि दोघांच्याही हातात पुरावा आहे. इथे किमान चार-पाच ओळी थांबा. मग बाई त्याचा कागद घेतात. नऊ. त्या कागद खिडकीकडे तिरपा धरतात, नख फिरवतात आणि खळगा लागतो. त्या सदाचं बोट धरून त्यावरून फिरवतात. “इथे होती,” असं काहीतरी म्हणतात. शाबासकी द्यायची का? माझं मत, नाही. बाई पेन घेऊन मूळ प्रतीच्या मागे २५ च्या शेजारी २४ लिहितात, फक्त त्याच्या कागदापुरतं. त्याला चोवीस बरोबर ठरवून मिळालं, याहून मोठी शाबासकी त्या मुलाला कळणार नाही.

आता दृष्टिकोनाची अडचण. सुरुवातीला, वह्या तपासताना, आपण बाईंच्या मनात होतो. मधल्या वीस मिनिटांत सदाच्या शेजारी होतो. छोट्या कथेत ही उडी चालते का? चालते, पण दोघांच्या मध्ये मोकळी ओळ सोडा आणि परत मागे येऊ नका. शेवटचा प्रसंग सदाच्या बाजूनेच लिहा. त्याला बाईंचा चेहरा दिसेल, विचार ऐकू येणार नाहीत. कार्बनला घडी आहे हे वाचकाला आधी सांगायचं की नाही, हेही यावरून ठरतं. मी रात्रीच्या प्रसंगात एका वाक्यात सांगेन: बाईंनी कार्बन हातानं सपाट केला, घडी गेली नाही, तसाच घातला. जागरूक वाचक ते टिपून ठेवेल, बाकीच्यांना शेवटी आठवेल. अजिबात न सांगता शेवटी काढलं तर जादूचा खेळ वाटतो.

पायरी ७: खर्ड्यातून काय काढायचं

पहिला खर्डा झाला की त्यात हमखास तीन गोष्टी जास्तीच्या सापडतात.

बाईंचा पूर्वेतिहास. त्यांचं लग्न, त्यांचे वडील, त्या या गावात कशा आल्या. दोन हजार शब्दांत त्याला जागा नाही. फार वाटलं तर त्यांच्या पेन धरण्यातून काहीतरी सांगा.

बाकीच्या इयत्तांच्या कार्यपत्रिका. तुम्ही अभ्यास केलाय म्हणून पहिलीची चित्रं, तिसरीची तीन अंकी वजाबाकी, सगळं लिहावंसं वाटतं. प्रत्येकीचा एकेक उल्लेख ठेवा, खोली भरलेली वाटायला तेवढा लागतो. सविस्तर मात्र बावन्न काड्यांचीच.

आणि गरिबीची वर्णनं. फुटकं छप्पर, अनवाणी पाय. जी गोष्ट कोणाच्या हाताला किंवा डोळ्याला अडते तेवढीच ठेवा. खिडकी राहील, कारण कागद तिच्याकडे तिरपा धरायचाय. घडी पडलेला कार्बन राहील. छप्पर काढून टाका.

पायरी ८: कोणाला वाचून दाखवायचं

साहित्यिक मित्राला नंतर. आधी अशा कोणाला तरी, ज्यांनी एकापेक्षा जास्त इयत्ता एका खोलीत सांभाळल्या आहेत. त्यांना “कशी वाटली?” असं विचारू नका, ते चांगलीच म्हणतील. “यातलं काय होणार नाही?” असं विचारा. मग ते सांगतील की दुसरीची मुलं इतका वेळ गप्प बसत नाहीत, की सदाने चिमीचा कागद ओढला तेव्हा तिने बाईंकडे धाव घेतलीच असती, नियम असो वा नसो. असं काही निघालं तर ते कथेत घ्या. चिमी धावत जाते आणि बाई वर न बघता हाताने तिला परत पाठवतात, हा प्रसंग मूळ आराखड्यापेक्षा बरा आहे.

त्यांच्यासमोर कार्यपत्रिकाही ठेवा, तुम्ही काढलेली. त्या कागदावर त्यांच्या घरातल्या एखाद्या मुलाला गणित सोडवू द्या आणि तो कुठला गठ्ठा सोडतो ते बघा. पाचवा नाही सोडला तर मांडणी बदला: सुट्या काड्या पाचव्या गठ्ठ्याला आणखी चिकटवा, किंवा घडी त्याने सोडलेल्या गठ्ठ्यावर न्या.

शीर्षक सगळ्यात शेवटी. ‘पणती’, ‘ज्ञानगंगा’, ‘बाईंचा वसा’ वगैरे आली तर वहीत लिहून ठेवा आणि तिथेच राहू द्या. ‘एक काडी कमी’ मध्ये कथा फुटते. मी ‘बावन्न वजा सत्तावीस’ ठेवेन. वाचक वाचायला लागण्याआधीच मनात उत्तर काढतो, आणि पुढे दोन पानांवर त्याला ते दुसरंच आलेलं भेटतं.